दुकानाचं सोशल मीडिया सांभाळायचं महिन्याला किती घ्यायचे? चप्पल ओळीतल्या एका दुकानाचा पूर्ण हिशोब

कोल्हापुरातल्या चप्पल ओळीतल्या एका दुकानाचं इन्स्टाग्राम आणि फेसबुक सांभाळायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मालकांनी काउंटरवरच विचारलं, "ताई, महिन्याचं काय घेणार ते एकदाच सांगून टाका की." मी त्यांना काका म्हणते. मी म्हणाले, सहा हजार. हा आकडा मी दोन मैत्रिणींना विचारून ठरवला होता. एकीनं पाच सांगितले होते, दुसरीनं आठ.

पहिला महिनाभर मी त्या कामाचा वेळ रोज वहीत लिहीत गेले. महिनाअखेरीला बेरीज आली ४१ तास. सहा हजाराला ४१ नं भागलं तर तासाला १४६ रुपये, आणि त्यातूनच पेट्रोल, इंटरनेट, डिझाइनच्या अ‍ॅपची वर्गणी जायची होती. काका सज्जन होते, पैसेही वेळेवर आले. चूक माझ्या मोजण्यात होती. आठ पोस्ट आणि चार रील एवढंच मी मोजलं होतं. महिन्याच्या फीवर काम घेतो, म्हणजे रिटेनर घेतो, तेव्हा गिऱ्हाईक आपल्या महिन्यातले काही तास राखून ठेवत असतं. पोस्ट हा त्या तासांचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग माझ्या पहिल्या महिन्यात जवळजवळ निम्मा होता.

त्याच दुकानाची फी मी पुढे १३ हजारांवर कशी नेली, तो हिशोब पायरीपायरीनं देते. आकडे माझ्या घरचे आणि त्या दुकानाचे आहेत. तुमचे वेगळे असतील, रीत हीच वापरता येईल.

पायरी १: आधी आपल्या एका तासाचा भाव काढा

"बाजारात काय चाललंय" हा प्रश्न नंतर विचारायचा. आधी आपल्याला किती लागतात ते कागदावर घ्या. माझं असं होतं: घरखर्च ३०,००० रुपये. इंटरनेट, फोन, अ‍ॅपची वर्गणी, मोबाईलचा हप्ता, पेट्रोल मिळून ७,०००. आजारपण, मंदीचे महिने आणि कर यांसाठी बाजूला टाकायचे ५,०००. एकूण ४२,००० रुपये.

आता तास. महिन्याला २४ दिवस, रोज ७ तास, म्हणजे १६८ तास. बहुतेक जण ४२,००० ला १६८ नं भागतात आणि तिथंच फसतात. या १६८ तासांत बिलं करणं आहे, नवीन गिऱ्हाइकाला भेटायला जाणं आहे, दोन भेटी होऊन न जमलेलं काम आहे, नवीन काही शिकणं आहे आणि लाईट गेली म्हणून वाया गेलेली दुपारही आहे. माझ्या वहीत तीन महिन्यांत दिसलं की बिल लावता येतील असे तास जेमतेम निम्मे असतात, म्हणजे ८४. ४२,००० भागिले ८४, एका तासाचे ५०० रुपये.

हा भाव गिऱ्हाइकाला सांगायचा नाही. सांगितला की बोलणं "एका पोस्टला इतका वेळ कशाला लागतो?" इकडे जातं आणि परत येत नाही. तो आपल्या वहीत राहू द्या. त्याच्या खाली जाऊन काम घ्यायचं नाही, एवढ्यासाठीच तो आहे.

पायरी २: काम तासांत मोडा, आणि तेही खऱ्या नोंदीवरून

पहिल्या महिन्याची माझी नोंद जशीच्या तशी देते:

- महिन्याचं नियोजन आणि भेट: २ तास
- दुकानात शूट, जाऊन-येऊन: साडेतीन तास
- आठ पोस्टचे फोटो निवडणं, सुधारणं, डिझाइन: साडेपाच तास
- चार रील्सचं एडिटिंग: ७ तास
- मजकूर लिहिणं: २ तास
- पोस्ट वेळेला लावून ठेवणं: अर्धा तास
- दुरुस्त्या आणि होकार मिळवणं: ४ तास
- मेसेज आणि कॉमेंटना उत्तरं: १५ तास
- महिन्याचा अहवाल आणि त्यावर बोलणं: दीड तास

रीलला पावणेदोन तास कसे लागतात, असं काकांनी एकदा विचारलं होतं. त्यांना मी त्याच आठवड्यातलं एक रील दाखवलं. चालताना करकर वाजणारी चप्पल होती. त्या आवाजावरच सगळं रील उभं होतं, आणि तो आवाज दिवसा मिळतच नाही. भवानी मंडपाकडून हॉर्न, शेजारच्या दुकानातलं बोलणं, भाविकांची गर्दी. म्हणून सकाळी शटर अर्धं उघडून आम्ही कामगाराला फरशीवर चालायला लावलं. पहिल्या वेळी रिक्षा गेली, दुसऱ्या वेळी शटर वाजलं, सहाव्या वेळी बारा सेकंदांचा स्वच्छ आवाज मिळाला. घरी येऊन पाऊल आणि आवाज जुळवणं, वेणीचा जवळचा शॉट मध्ये बसवणं, वर मराठी अक्षरं टाकणं, मोबाईलवर पुन्हा तपासणं. काकांनी ते शेवटपर्यंत पाहिलं आणि तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

नवीन गिऱ्हाईक असेल तर नोंद कुठून आणायची? मी आता पहिला महिना "सुरुवातीचा महिना" म्हणूनच घेते. त्याची फी वेगळी ठरवायची आणि आधीच सांगायचं की कायमची फी या महिन्यानंतर ठरेल. पान नीट लावणं, जुने फोटो गोळा करणं, दुकानाची बोलायची पद्धत समजून घेणं हे एकदाचं काम असतं. ते महिन्याच्या फीत कोंबलं की आपण ते फुकट करतो.

पायरी ३: ज्याला मोजमाप नाही, ते आधी शोधा

वरच्या यादीत दोन ओळी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या आहेत. पोस्ट आठ म्हणजे आठच. मेसेजना आणि दुरुस्त्यांना मात्र कुठं थांबायचं ते ठरलेलंच नव्हतं, आणि ४१ पैकी १९ तास तिथंच गेले.

मेसेज बघा. "किंमत?" "आठ नंबर आहे का?" "पुण्याला पाठवता का?" "लेदर ओरिजिनल आहे ना?" कुणी पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखून त्याचा फोटो पाठवतं आणि नंबर विचारतं. पाय बघून नंबर सांगणं हे तीन पिढ्यांच्या दुकानदाराचं काम. मी फोटो काकांना पाठवायचे, ते दुकानात गर्दी असली की तासाभरानं उत्तर द्यायचे, मी ते पुढे पाठवायचे. दोघांचा वेळ जायचा आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. म्हणून "मेसेजना उत्तरं" ही सेवा देताना दोनच रस्ते ठेवा. एक, वेळ ठरवून घ्या: सोमवार ते शनिवार, दिवसातून दोनदा, मिळून वीस मिनिटं. महिन्याला ८ तास झाले, ते फीमध्ये धरा. दोन, ते काम दुकानाकडेच ठेवा आणि आपण फक्त सोय करून द्या. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आणि इन्स्टाग्रामच्या व्यवसाय खात्यात तयार उत्तरं साठवता येतात. नंबर कसा मोजायचा, पार्सल कसं जातं, भिजलेली चप्पल कशी वाळवायची, अशी दहा-बारा उत्तरं लिहून दिली की दुकानातला मुलगाही ते करतो. यात माझे महिन्याला दोनच तास जातात. आठवड्यातून एकदा बघायचं, कुणाला उत्तर राहिलंय का, आणि नवीन प्रश्न आला असेल तर त्याचं उत्तर लिहून ठेवायचं.

दुसरा रस्ता मला लहान दुकानांसाठी जास्त बरा वाटतो. गिऱ्हाइकाला माल माहीत असलेल्या माणसाचं उत्तर मिळतं.

दुरुस्त्यांचं कारण वेगळं होतं. काका, त्यांचा मुलगा आणि धाकटे भाऊ तिघंही व्हॉट्सअ‍ॅपवर आपापला आवाज पाठवायचे. एकाला अक्षरं मोठी हवीत, दुसऱ्याला चप्पल मोठी दिसायला हवी, तिसरा म्हणायचा, "हे नको, मागच्या वर्षीचं होतं तसं करा." एका नवरात्राच्या पोस्टचे पाच नमुने झाले आणि शेवटी पहिलाच लागला. उपाय साधा आहे. होकार देणारा माणूस एकच, त्याचं नाव लिहून घ्यायचं. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं त्यानं गोळा करून एकदाच सांगायचं. प्रत्येक पोस्टला एक एकत्रित दुरुस्ती फीमध्ये, दुसरी मागितली तर तिचे पैसे वेगळे. हे लागू केल्यावर चार तासांचे अडीच झाले.

मेसेजचे ८ तास आणि दुरुस्तीचे अडीच धरले तर ४१ तासांचं काम साडेबत्तीसवर येतं. काम तेच, आठ पोस्ट, चार रील.

पायरी ४: आकडा काढा, आणि घासाघीस झाली तर काम कमी करा

साडेबत्तीस तास गुणिले ५०० म्हणजे १६,२५० रुपये. त्यावर मी दहा टक्के धरते. एखादं शूट पावसानं फिसकटतं, फाईल खराब होते, सणाच्या आदल्या दिवशी फोन वाढतात. हे दहा टक्के त्यासाठी. १७,८७५ झाले, म्हणजे १८ हजार.

काकांना १८ हजार सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढं झेपायचं न्हाई ताई. बारा-तेराच्या आत बसवा." इथं बहुतेक जण काम तेवढंच ठेवून फी खाली आणतात. तसं केलं की पहिली फी खोटी होती असं समोरच्याला वाटतं, आणि पुढच्या वेळी तो आणखी खाली ओढतो. मी वही उघडून काय काय कमी करता येईल ते त्यांच्यासमोर ठेवलं. मेसेज दुकानानं सांभाळायचे: सहा तास कमी. रील चारऐवजी तीन: पावणेदोन तास कमी. पोस्ट आठऐवजी सहा: साधारण सव्वा तास कमी. राहिले साडेतेवीस तास. त्याचे ११,७५०, वर दहा टक्के, १२,९२५. तेरा हजार.

यात तासाचा भाव ५०० चाच राहिला. काकांना निवड मिळाली आणि मला नुकसान झालं नाही. तेव्हापासून मी दोन आकडे घेऊनच जाते, पूर्ण काम आणि आटोपशीर काम. तिसरा नेत नाही. तीन पर्याय ठेवले की लोक विचार करतो म्हणतात आणि ते प्रकरण लांबतं.

आता समोरच्या बाजूनंही एकदा हिशोब करून बघा. काकांनी सांगितलं की चपलांच्या एका जोडावर सरासरी ४०० रुपये सुटतात. तेरा हजार भागिले ४०० म्हणजे महिन्याला ३३ जोड जास्त विकले गेले तर माझी फी निघते, दिवसाला एकाहून थोडे जास्त. दर्शनाला आलेल्या गर्दीच्या भागातल्या दुकानाला हे अशक्य नाही, आणि पार्सलच्या ऑर्डर मोजता येतात. पण हाच हिशोब मी गल्लीतल्या एका छोट्या भेटवस्तूंच्या दुकानासाठी केला तेव्हा त्यांच्या महिन्याच्या सगळ्या नफ्याचा मोठा भाग माझ्या फीत जाणार होता. तिथं मी महिन्याचं काम घेतलं नाही. त्यांना एक दिवस बसून मोबाईलवर फोटो कसे काढायचे ते शिकवलं आणि त्या दिवसाचे पैसे घेतले. असं गिऱ्हाईक घेतलं की तिसऱ्या महिन्यात ते बंद होतं आणि आपण राखलेले तास रिकामे राहतात.

"विक्रीवर टक्का घ्या" असंही कुणी सुचवेल. दुकानात चालत येणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही की तू रील बघून आलास की अंबाबाईचं दर्शन घेऊन. मोजता येत नाही त्यावर टक्का लावू नका.

पायरी ५: एका पानावर लिहून घ्या

वकिली भाषा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून "मान्य" एवढं उत्तर घेतलं तरी नंतर दोघांना आठवण राहते, सही घेतली तर उत्तमच. माझा मजकूर साधारण असा असतो:

> दरमहा ६ फोटो-पोस्ट आणि ३ रील. महिन्यातून एक शूट दुकानात, तीन तासांपर्यंत. प्रत्येक पोस्टला एक एकत्रित दुरुस्ती. होकार देणारी व्यक्ती एकच राहील. पाठवल्यापासून तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर पोस्ट मान्य समजली जाईल. मेसेज व कॉमेंटची उत्तरं दुकान देईल. फी १३,००० रुपये, महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ. जाहिरातीचा खर्च व लागू असल्यास जीएसटी वेगळा. जादा रील १,८०० रुपये. काम थांबवायचं असल्यास दोन्ही बाजूंनी ३० दिवस आधी कळवायचं. पान आणि खाती दुकानाच्या नावावरच राहतील.

"तीन दिवसांत उत्तर" ही ओळ फीचा भाग आहे. होकार अडकला की पोस्ट पुढच्या महिन्यात ढकलली जाते, आणि मग "मागच्या दोन राहिल्यात त्या पण द्या" सुरू होतं. माझे तास मात्र मागच्या महिन्यातच संपलेले असतात. दुकानाच्या बाजूनं राहिलेलं काम पुढे जात नाही, माझ्या बाजूनं राहिलं तर जातं. हे सही करतानाच बोलून घ्या. नंतर सांगितलं तर पळवाट वाटते.

जादा रीलचा आकडा असा आला: एका रीलला शूट, एडिटिंग, मजकूर, दुरुस्ती धरून पावणेतीन तास, म्हणजे १,३७५ रुपये. ऐनवेळचं काम दुसऱ्याचं काम बाजूला सारून होतं म्हणून त्यावर साधारण तीस टक्के. हा आकडा आधी लिहिलेला असला की किती सुटसुटीत होतं ते मला जून २०२५ मध्ये कळलं. प्राडाच्या मिलानमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि देशभर बोलणं सुरू झालं. काकांचा फोन आला, "ताई, आजच कायतरी टाकूया." कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे येतात, ही माहिती घालून आम्ही दोन रील केली. काम महिन्याच्या मोजणीबाहेरचं होतं. मी "दोन जादा, ३,६०० होतील" म्हणाले, ते "करा" म्हणाले. एका वाक्यात मिटलं.

पायरी ६: पावसाळा आणि नवरात्र एकाच करारात बसवा

कोल्हापुरात दुकानांची कामं घेणाऱ्यांनी इथं थांबून नीट विचार करावा, कारण मासिक फी बहुतेक वेळा इथंच तुटते.

चामड्याची चप्पल पावसात कुणी घालत नाही. जून ते ऑगस्ट दुकानात माशा मारत बसायची वेळ येते. त्या काळात काका म्हणणारच, "तीन महिने बंद ठेवूया, गणपतीनंतर चालू करू." आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत त्यांना रोज काहीतरी हवं असतं. तुम्ही पावसाळ्यात सुट्टी दिली तर तुमचे तीन महिन्यांचे ३९ हजार जातात, आणि सणात तेच १३ हजार घेऊन दीडपट काम करता.

मी फी बाराही महिने तीच ठेवली आणि तास हलवले. जून, जुलै, ऑगस्टला साडेतेवीसऐवजी १६ तास. प्रत्येक महिन्यात साडेसात वाचले, एकूण साडेबावीस. ते नवरात्र आणि दिवाळीच्या दोन महिन्यांत वाटले, प्रत्येकी सव्वाअकरा. म्हणजे त्या महिन्यांत पावणेपस्तीस तास. पावसाळ्यातल्या १६ तासांत कारागिराच्या हातांची, चामडं कापण्याची, वेणी घालण्याची चित्रं घेऊन ठेवायची. कारागिरालाही तेव्हा बोलायला सवड असते. सणात तीच वापरायची. काकांना हे पटलं ते त्यांच्याच भाषेत सांगितल्यावर: पावसाळ्यात तुम्ही माल करून ठेवता, दिवाळीला विकता, हे तसंच आहे.

यात दोन खाचखळगे आहेत. करार सप्टेंबरला सुरू होत असेल तर हे जमत नाही. गिऱ्हाईक सणाचे जादा तास घेईल आणि दिवाळीनंतर थांबेल, पावसाळ्यातले भरपाईचे महिने येणारच नाहीत. अशा वेळी सणाचे जादा तास वेगळे लावा: सव्वाअकरा तासांचे ५,६२५ रुपये महिन्याला, फीवर. उलट, जूनला सुरू झालेलं काम ऑगस्टमध्ये थांबलं तर त्याचे साठलेले तास तुमच्याकडे आहेत. ते तयार रीलच्या रूपात देऊन टाका. पैसे घेतलेत, काम द्यायचं राहिलंय.

दुसरा खळगा मोठा. माझ्याकडे विकायला महिन्याला ८४ तास आहेत. चप्पल, साड्या आणि दागिने अशी तीन दुकानं घेतली आणि तिघांना ऑक्टोबरला पावणेपस्तीस तास लागले, तर १०४ तास होतात. एरवीच्या महिन्यांत सगळं छान बसतं, म्हणून हे आधी लक्षात येत नाही. गिऱ्हाईक घेताना सरासरी महिना बघू नका, सगळ्यात जड महिना बघा. मी आता दोन दुकानं आणि एक क्लास असं ठेवते. क्लासची धावपळ प्रवेशाच्या दिवसांत, मे-जूनमध्ये असते, तेव्हा दुकानं शांत असतात.

पायरी ७: जाहिरातीचे पैसे आणि कर फीपासून लांब ठेवा

इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवायची असेल तर कार्ड दुकानाचं लावा, तुमचं नाही. मेटा जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लावते. खातं दुकानाच्या नावावर असेल आणि त्यात त्यांचा जीएसटी नंबर भरलेला असेल, तर नेहमीच्या पद्धतीनं नोंदणी असलेल्या दुकानाला त्या कराची वजावट घेता येते. तुमच्या कार्डावरून गेलं तर बिल तुमच्या नावानं येतं, दुकानाकडून पैसे यायला उशीर झाला की तुमचे अडकतात, आणि ती रक्कम तुमच्या उलाढालीत दिसायला लागते.

सेवेचं काम करणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. माझं तेवढं नाही, म्हणून मी कर लावत नाही. पण "लागू असल्यास जीएसटी वेगळा" ही ओळ पहिल्या दिवसापासून ठेवा. उद्या नोंदणी झाली तर १३,००० चे १५,३४० होतील, आणि ओळ नसेल तर तो कर तुमच्या खिशातून जाईल. दुकान कंपोझिशन योजनेत, म्हणजे उलाढालीवर ठरावीक कमी दरानं कर भरायच्या योजनेत असेल तर त्याला वजावट मिळत नाही, वरचे पैसे त्याला खर्चच असतात. तेव्हा आकडा सांगायच्या आधी हे विचारून घ्या.

पायरी ८: पैसे कधी येणार

व्यापाऱ्याला महिनाअखेरीला बिल आणि मग "पुढच्या आठवड्यात बघू" याची सवय असते. राखून ठेवलेल्या तासांचे पैसे आधीच घ्यायचे. मी १ तारखेला बिल पाठवते, ५ तारखेपर्यंत पैसे. १० तारखेपर्यंत आले नाहीत तर नवीन पोस्ट थांबतात, आणि हे पानावर लिहिलेलं असतं. आगाऊला तयार नसलेल्या गिऱ्हाइकाकडून निदान अर्धी रक्कम घ्या. पहिल्याच महिन्यात तेही नको म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही.

लहान उद्योगांसाठी सरकारची उद्यम नोंदणी असते, ती करून ठेवा, ती मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर खरेदीदारानं १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. लहान दुकानदाराशी त्या मार्गानं जायची वेळ सहसा येत नाही, पण मोठ्या गिऱ्हाइकाच्या हिशोबनिसाला हा नियम माहीत असतो.

पायरी ९: तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा

ठरलेले तास आणि झालेले तास शेजारी लिहा. काकांच्या कामाचे नव्या फीच्या पहिल्या तीन महिन्यांत २७, २६ आणि साडेपंचवीस तास झाले. तेरा हजाराला साडेपंचवीसनं भागलं तर ५१० रुपये. त्यातल्या पहिल्या महिन्यात २७ तास झाले तेव्हा भाव ४८१ वर आला होता. दहा टक्क्यांची गादी तिथं पूर्ण वापरली गेली, वर थोडं माझ्या अंगावर आलं. माझा नियम असा आहे की सलग दोन महिने तासाचा भाव ४५० च्या खाली गेला, तर कोणत्या ओळीनं वेळ खाल्ला ते शोधायचं आणि त्या एका ओळीबद्दल बोलायला जायचं. "काम खूप होतंय" असं मोघम म्हणायचं नाही. "मागच्या दोन महिन्यांत सात पोस्टना दोनदा दुरुस्ती लागली" असं म्हणायचं. काका अशा बोलण्यावर कधी रागावले नाहीत. एकदा त्यांनी मुलालाच समोर बोलावून सांगितलं, "आता जे काय सांगायचं ते माझ्याजवळ सांग, ताईला न्हाई."

फीवाढ वर्षातून एकदाच, आणि वेळ बघून. पावसाळ्यात मागू नका. दिवाळी झाली, वर्षाचा धंदा डोळ्यांसमोर असतो, तेव्हा सांगा आणि जानेवारीपासून लावा. मी १३ हजारांचे साडेचौदा सांगितले. सोबत वर्षभरात पार्सलच्या किती ऑर्डर मेसेजवरून आल्या त्याची यादी नेली, ती दुकानातल्या मुलानंच ठेवली होती. काका म्हणाले, "चौदा करा." मी म्हणाले, चौदा करते, पण पावसाळ्याच्या तीन महिन्यांत रील दोनच. त्यांनी यादीवर एकदा नजर टाकली आणि साडेचौदावर सही केली.